नवा शब्द शेजाऱ्यांत बसत नाही: ब्रश सुलेखनात दाब आणि जाडी जुळवताना

लिहून झालेल्या ओळीत नंतर एक शब्द घालायची वेळ आली की काय होतं, हे टॅबलेटवर अक्षरं लिहिणाऱ्या बहुतेकांनी अनुभवलं असेल. ब्रश तोच, पेन तेच, हातही आपलाच, आणि तरी नवा शब्द उपरा दिसतो. कधी जाड दिसतो, कधी किडकिडीत. कधी जाडी बरोबर वाटते, पण तरीही तो दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखा दिसतो. मग आपण जरा दाबून लिहून बघतो, जरा हलक्या हाताने लिहून बघतो, आणि बाराव्या-पंधराव्या प्रयत्नानंतर त्यातल्या त्यात बरा तो चिकटवून मोकळे होतो.

मीही बरीच वर्षं असंच करत होतो. आता पुन्हा लिहायला घेण्याआधी मी जुन्या आणि नव्या शब्दाची दोन-दोन मापं घेतो. सर्वांत जाड जागा किती पिक्सेल आणि सर्वांत बारीक जागा किती पिक्सेल, एवढंच. या चार आकड्यांवरून चूक ब्रशच्या आकाराची आहे, दाबाच्या सेटिंगची आहे की हाताची, हे बहुतेक वेळा कळतं. या तिन्ही चुकांचे उपाय वेगळे आहेत. एकीवर दुसरीचा उपाय केला तर शब्द सुधारत नाही, फक्त वेगळ्या तऱ्हेने बिघडतो.

अलीकडचंच एक काम घेतो. मूळ ओळ होती 'पाऊस आला'. चार महिन्यांनी मागणी आली की मध्ये 'पुन्हा' हवं, म्हणजे 'पाऊस पुन्हा आला'. फाइल क्रिटामध्ये केलेली होती, आणि ब्रश होता दाबानुसार जाड-बारीक होणारा, टोकदार. नवा शब्द पहिल्यांदा लिहिला तेव्हा तो ठळक छापल्यासारखा दिसत होता आणि दोन्ही बाजूंचे शब्द कोमेजल्यासारखे.

मोजमापाआधी एक खात्री करून घ्यावी लागते: मूळ अक्षरांची जाडी खरोखर दाबातून आलेली आहे का? देवनागरीचं बरंचसं सुलेखन बोरूच्या किंवा कट-निबच्या वळणाचं असतं, आणि तिथे जाडी ठरते ती निबच्या कोनावरून. टॅबलेटवरही चपटे, ठरावीक कोनात धरलेले ब्रश असतातच. ओळखायची खूण सोपी आहे. काना किंवा अक्षराचा उभा दंड यासारखा एखादा सरळ फराटा बघा. वरपासून खालपर्यंत त्याची जाडी एकसारखी असेल आणि फक्त वळणावर बदलत असेल, तर ते कोनाचं काम आहे. तिथे दाब जुळवत बसणं फुकट, ब्रशचा कोन जुळवा. सरळ रेषा असूनही फराटा वर बारीक, पोटात जाड आणि खाली पुन्हा निमुळता होत असेल, तर तो दाब. माझ्या ओळीतला काना तसाच होता, त्यामुळे पुढचं सगळं लागू होतं.

आता मापं. क्रिटात Measure Tool घेऊन रेषेच्या आडवं ओढलं की अंतर पिक्सेलमध्ये दिसतं. जाड जागा म्हणून मी 'पा'च्या कान्याचं पोट धरलं आणि बारीक जागा म्हणून 'स'ची मधली जोडरेघ. जुन्या शब्दात काना 39 पिक्सेल, जोडरेघ 10. नव्या शब्दात काना 52, आणि 'न्हा'मधली सर्वांत बारीक रेघ 13.

52 आणि 39 यांचं जे प्रमाण, तेच साधारण 13 आणि 10 यांचं. म्हणजे जाड आणि बारीक दोन्ही जागा सारख्याच पटीत, सुमारे एक तृतीयांशाने, वाढल्या होत्या. हाताच्या चुकीत असं होत नाही. हात जास्त दाबला गेला तर जाड जागा फुगते, पण केसासारख्या रेघा जवळपास तेवढ्याच राहतात, कारण तिथे पेन जेमतेम टेकलेलं असतं. सगळंच एका पटीत बदललं असेल तर घोळ आकाराचा असतो. शोधल्यावर सापडलाही. मूळ ओळ 4800 पिक्सेल रुंदीच्या फाइलवर 64 पिक्सेलच्या ब्रशने लिहिलेली होती. नंतर कधीतरी मी त्याच फाइलची 3600 पिक्सेलची प्रत करून ठेवली होती आणि आता उघडली होती ती प्रत. चित्र लहान केलं की त्यावरची अक्षरं लहान होतात, पण ब्रश 64 चा 64 च राहतो, त्याला चित्राशी काही देणंघेणं नसतं. प्रत 75 टक्के होती, म्हणजे ब्रश हवा होता 64 च्या 75 टक्के, 48.

इथे बहुतेक जण जी चूक करतात ती मीही आधी केली होती. आकार तसाच ठेवून हलक्या हाताने लिहिलं. काना 39 वर आला, छान वाटलं. पण बारीक रेघ 13 वरच राहिली, कारण त्या ब्रशचा कमीत कमी आकारच 64 च्या 20 टक्के होता आणि त्याच्या खाली तो जाऊच शकत नव्हता. मूळ शब्दात जाड रेघ बारीक रेघेच्या चौपट होती, नव्यात ती तिप्पट झाली. डोळ्याला जाडी बरोबर वाटते, पण शब्द मवाळ दिसतो, मार्करने लिहिल्यासारखा. 'जाडी जुळली तरी परका दिसतो' या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं. चुकीचा आकार दाबाने भरून काढायला गेलं की जाड आणि बारीक यांच्यातलं अंतर मरतं.

मूळ ब्रश किती पिक्सेलचा होता हे आठवत नसेल, आणि सहसा आठवत नाहीच, तर बारीक रेघेवरून मागे जाता येतं. ब्रशच्या सेटिंगमध्ये Size च्या खाली दाबाचा वक्र दिसतो. त्याचा डावा बिंदू तळापासून जितका वर, तेवढा तो ब्रश कमीत कमी दाबाला जाड. डावा बिंदू 20 टक्क्यांवर असेल आणि जुन्या कामातली सर्वांत बारीक रेघ 10 पिक्सेल असेल, तर ब्रश साधारण 50 चा होता. माझ्या बाबतीत हिशोबाने 48 आला होता, म्हणजे दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचल्या. जाड रेघेवरून असा हिशोब करू नका. आपण पूर्ण ताकदीने क्वचितच दाबतो, त्यामुळे जाड रेघ ब्रशच्या आकाराची नसून त्याच्या काही टक्क्यांची असते, आणि ते टक्के प्रत्येक हाताचे वेगळे. डावा बिंदू अगदी तळाशी असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिथे बारीक रेघ कितीही बारीक होऊ शकते. मग दोन-तीन आकारांनी जुनाच शब्द गिरवून बघण्याला पर्याय नाही.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे शब्द वेगळ्या जागी निवांत लिहायचा आणि मग ओढून लहान-मोठा करून बसवायचा. शब्द 10 टक्क्यांनी मोठा केला की 39 चा काना 43 होतो. ब्रशला कोरड्या ब्रशसारखा खरखरीत पोत असेल तर तो दाणाही मोठा होतो, आणि तो जाडीच्याही आधी नजरेत भरतो. शब्द सरकवावा, थोडा फिरवावा, पण मोठा-लहान करू नये. उंची कमी पडत असेल तर पुन्हा लिहावा. एक-दोन टक्क्यांसाठी मी हा नियम मोडतो, त्याहून जास्तीसाठी नाही.

समजा मापं घेतल्यावर वेगळं चित्र दिसलं. बारीक रेघ दोन्हीकडे 10 च, पण काना कुठे 39 तर कुठे 31. तर आकार बरोबर आहे आणि बिघाड दाबात आहे. आता तो हाताचा की यंत्राचा हे ठरवायचं. मूळ शब्दाचा लेयर 30-40 टक्के फिका करा आणि वरच्या नव्या लेयरवर, वेगळ्या रंगाने, जुनाच शब्द गिरवा. पाच-सहा वेळा, रोजच्या वेगाने. दरवेळी काना बारीकच येत असेल आणि मुद्दाम दाबल्यावरच जाड होत असेल, तर पेनाचा दाब पूर्वीसारखा पोचत नाहीये. ड्रायव्हर नव्याने टाकल्यावर तिथली टोकाच्या कडकपणाची सेटिंग मूळपदावर आलेली असू शकते. क्रिटात आणखी एक जागा आहे: Settings मध्ये Configure Krita, तिथे Tablet settings, आणि त्यात Input Pressure Global Curve. हा वक्र सगळ्याच ब्रशना लागतो. आधी कधीतरी दुसऱ्या कामासाठी तो वाकवला असेल तर ब्रशची सेटिंग कितीही तपासा, दोष तिथे सापडणार नाही. प्रोक्रिएट वापरणाऱ्यांनाही ॲपच्या पसंतींमध्ये असाच एक सर्वसाधारण वक्र मिळतो. वक्र मधून थोडा वर उचलला की त्याच दाबाला जाडी वाढते. थोडासा उचला, शब्द गिरवा, मोजा. दोन-तीन खेपांत जमतं. पेनाचं टोक झिजून चपटं झालं असेल किंवा स्क्रीनवर नवी खरखरीत फिल्म चढवली असेल, तर घर्षण बदलल्यामुळे हातच वेगळा दाबू लागतो. ते वक्राने पूर्ण भरून निघत नाही, टोकच बदलावं.

उलट गिरवलेल्या सहा शब्दांत काना एकदा 33, एकदा 41, एकदा 37 असा येत असेल, तर यंत्र ठीक आहे आणि हात अजून तापलेला नाही. एकच शब्द लिहिताना हे हमखास होतं. मूळ ओळ लिहिली तेव्हा 'आला'पर्यंत येईतो हाताला लय सापडलेली होती. आता आपण थंड हाताने थेट 'पु'ला भिडतो, तेही चुकायचं नाही अशा धास्तीने. धास्तीने लिहिणारा हात हळू चालतो, आणि हळू चाललेला हात फराट्याच्या सुरुवातीलाच दाब देऊन टाकतो. त्यामुळे सुटा 'पुन्हा' कधीच लिहू नका. जुन्या ओळीखाली रिकाम्या जागेत पूर्ण 'पाऊस पुन्हा आला' लिहा, एका दमात, आठ-दहा वेळा, आणि त्यातला मधला शब्द उचला. निवडताना 'पुन्हा' किती देखणा आला ते आधी बघू नका. त्याच ओळीतला 'पाऊस' जुन्या 'पाऊस'शी किती जुळतो ते बघा. ज्या खेपेला तो जुळला, त्या खेपेला हात त्या जुन्या दिवसाच्या जवळ होता, आणि त्या खेपेचा 'पुन्हा'ही तसाच असणार. मला नऊ ओळी लिहाव्या लागल्या. उचलला तो सातव्या ओळीतला, जो एकटा पाहिला असता तर मी निवडला नसता.

झूमही सारखा ठेवावा लागतो, हे मला फार उशिरा कळलं. झूमने दाब बदलत नाही, म्हणून त्याचा जाडीशी संबंध नसावा असं वाटतं. पण 50 टक्क्यांवर लिहिलेला काना हाताला निम्म्या अंतरात संपवावा लागतो. तेवढ्यात दाब चढवायचा आणि उतरवायचा असतो. मग जाडी एकदम चढते, एकदम उतरते आणि पोट आखूड होतं. 100 टक्क्यांवर तोच काना लांब निमुळता येतो. जाड 39 आणि बारीक 10, दोन्ही मापं तंतोतंत जुळूनही शब्द खटकत असेल, तर पोट कुठे आहे ते बघा. जुन्या कान्यात सर्वांत जाड जागा वरून एक तृतीयांशावर आणि नव्यात बरोबर मध्यावर असेल, तर बहुधा झूम किंवा वेग वेगळा आहे.

नाहीतर स्ट्रोक सावरणारी सोय वेगळी आहे. क्रिटाच्या Stabilizer मध्ये Stabilize Sensors चालू असेल तर रेषेची वाट गुळगुळीत होतेच, शिवाय दाबही गुळगुळीत होतो. म्हणजे दाबाची चढ-उतार पसरते आणि थोडी मागे पडते. Weighted मध्ये हेच काम Smooth Pressure करतं. मूळ काम कोणत्या सेटिंगवर केलं होतं हे लिहून ठेवलेलं नसेल तर फराट्यांची टोकं बघा. झटक्याने उचललेल्या पेनाचं शेपूट टोकदार आणि किंचित वाकडं असतं, सावरलेल्या रेषेचं वळण तेलकट गुळगुळीत. सोय बंद, मध्यम, भरपूर अशा तीन पायऱ्यांवर तोच काना लिहून शेजारी ठेवला की कोणता आपला ते लगेच दिसतं.

जुना 'प' उचलून नव्या शब्दात लावायचा मोह होतो, कारण त्याची जाडी तर हमखास जुळलेली असते. मी तसं करत नाही. 'पाऊस' आणि 'पुन्हा' शेजारी-शेजारी, दोन्हींच्या आरंभी 'प', आणि दोन्ही अगदी एकसारखे. हाताने लिहिलेल्या ओळीत असं कधीच होत नाही, आणि वाचणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी छापील वाटतं. जुना 'प' फिका करून खाली ठेवून त्यावरून लिहायला मात्र हरकत नाही.

आता मोजमाप जिथे कमी पडतं ती जागा. 'पाऊस आला'मध्ये जोडाक्षर नव्हतं. 'पुन्हा'मध्ये 'न्हा' आहे: अर्ध्या 'न'ची गाठ, तिला चिकटून 'ह'ची वळणं, आणि मग काना, सगळं थोडक्या जागेत. तिथे प्रत्येक जाड रेघ 39 ची ठेवली तर मधल्या पांढऱ्या फटी बुजतात आणि अक्षराचा काळा गोळा होतो. शेजारच्या मोकळ्या 'पा'च्या तुलनेत तो जास्त जाड दिसतो, मापाने जाड नसूनही. म्हणून 'ह'च्या वळणांत मी दाब कमी केला, 34-35 पर्यंत. ब्रशचा आकार तोच, त्यामुळे बारीक रेघ 10 चीच राहिली. इथे मात्र हलका हात हेच योग्य औषध. शब्दाच्या शेवटचा काना पुन्हा पूर्ण 39 चा, कारण तो मोकळा उभा आहे आणि नजर त्याची तुलना 'पा'च्या आणि 'ला'च्या कान्यांशी करते.

'पु'च्या उकाराला नमुना 'ऊ'च्या खालच्या वळणातून घेतला. तिथेही ब्रश पोटात जाड होऊन शेवटी निसटतो. उकार लिहिताना बऱ्याच जणांचा हात सैल सुटतो, आणि ओळीखाली एकटी असलेली ती आकडी सगळ्यात जाड दिसू लागते. ती वेगळी मोजून घ्यावी.

राहिली शिरोरेषा. शब्द मध्ये घालायचा तर 'आला' उजवीकडे सरकणार, ते ठीक. पण माझ्या मूळ ओळीत दोन्ही शब्दांवरून एकच लांब शिरोरेषा गेलेली होती, डावीकडे भरीव आणि उजवीकडे विरत गेलेली. ती मध्येच कापून लांबवली तर जोड दिसतो, कारण कापलेल्या जागी दोन्हीकडची जाडी जुळली तरी जाडी कमी होण्याचा उतार जुळत नाही. अर्धा तास झटापट करून मी ती पुसली आणि वेगळ्या लेयरवर तिन्ही शब्दांवरून एका फटकाऱ्यात नवी ओढली. लांबी वाढल्यामुळे हात मनगटातून न फिरवता खांद्यातून न्यावा लागला आणि झूम थोडा कमी करावा लागला. शिरोरेषा जवळपास सपाट असल्यामुळे तिथे झूमचा त्रास कमी जाणवतो. प्रत्येक शब्दाची शिरोरेषा सुटी असेल तर हा प्रश्नच येत नाही.

मूळ काम कागदावर ब्रश पेनने केलेलं असेल तर ब्रशचा आकार म्हणजे ते पेन आणि कागद. पेनाचं टोक मऊ पडलेलं असेल किंवा कागद जास्त शोषणारा असेल तर तीच जाडी येत नाही. तिथेही पूर्ण ओळच लिहावी. वर एक सापळा स्कॅनिंगचा. दोन्ही स्कॅन एकाच डीपीआयवर घ्या, आणि काळं-पांढरं करताना उंबरठ्याची पातळी सारखी ठेवा. पातळी खाली आणली की सगळ्यात आधी बारीक रेघा खाल्ल्या जातात, आणि मग दोष नसलेल्या हाताला दोष दिला जातो.

सगळं जागेवर बसल्यावर मी कॅनव्हास 180 अंशांत फिरवतो. उलटं झालं की शब्द वाचता येत नाहीत, नुसते काळे-पांढरे आकार दिसतात आणि जिथे काळं साचलंय ती जागा लगेच कळते. 'पाऊस पुन्हा आला' उलटं केल्यावर 'पुन्हा' बाकीच्यांत मिसळून गेला होता, फक्त अर्ध्या 'न'ची गाठ अजून गडद होती. तिच्या आतली फट खोडरबराने तीन पिक्सेल उघडली आणि फाइल पाठवली. या वेळी नावात कॅनव्हासची रुंदी, ब्रशचा आकार आणि झूम घालून.